दोनशे पासष्टाचं घर

मी माझ्या धाकट्या जावेवर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडावर पदर धरून हसायला नको. यमुना तिचं नाव. माहेर धारचं, सासर आमचं देवासचं. रंग काळाभोर, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि हसली की तीन घरांपलीकडे ऐकू जायचं. पुरणपोळी तिला जन्मात धड जमली नाही. लाटायला घेतली की पुरण बाहेर आणि पोळी चिकटलेली. तरी अख्खी आळी "यमुनाबाईंना विचारा, यमुनाबाईंना विचारा." का? तर म्हणे घराचं कुठलंही मोठं काम निघालं की तिच्यासारखा सौदा कुणाला जमत नाही. अगं बाई! सौदा तो काय, आवाज चढवला की भाव उतरतो, असं मला वाटायचं. माझा आवाज तर उपजतच चढा.

तिची आई लहानपणीच गेली. वडील धारला सरकारी बांधकामावर कारकून. पोरीला घरी कुणी सांभाळणारं नाही, म्हणून ते तिला कामावर घेऊन जायचे आणि ती विटांच्या ढिगावर बसून राहायची. दगड कोणता, चुना कसा, लाकडाचा गाभा कुठपर्यंत, हे तिला आम्हांला भातुकली यावी तसं आलं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत लुगड्यांखाली एक ओळंबा होता. दोरीला लोखंडी लंबक, गवंडी भिंत सरळ आहे का बघतात तो. सासूबाईंनी कपाळावर हात मारला होता.

घर आमचं एकच, पण वाटणी होऊन दोन झालेलं. मधे एक भिंत. उजवीकडे आम्ही, डावीकडे ती दोघं आणि त्यांचा मुलगा. आमचे हे थोरल्या पातीच्या दफ्तरात, नीलकंठभाऊजी धाकट्या पातीच्या. देवास म्हणजे एक गाव आणि दोन दरबार, हे बाहेरच्याला समजावता समजावता तोंड दुखतं. आमच्या ह्यांना त्याचा भारी अभिमान. थोरल्या पातीचं मीठ खातो, तर गवंडीसुद्धा थोरल्या पातीच्या बाजूचाच हवा. धाकट्या पातीतला गवंडी आमच्या ओसरीवर चढला तर दफ्तरात तोंड कसं दाखवायचं, असं ते म्हणायचे आणि मीही मान हलवायची. आता वाटतं, काय बाई आम्ही माणसं!

एकोणीसशे नऊ साल असावं. माझ्या पमीला, म्हणजे प्रमोदिनीला, धारचं स्थळ आलं. मोठं घर, मुलगा शिकलेला. त्याच्या आईला सगळे माई म्हणत. निरोप आला, वैशाखात माई स्वतः मुलगी बघायला येणार, पसंत पडली तर तिथेच साखरपुडा. आमच्या घराची तर दशा बघवत नव्हती. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, सरकलेले, बैठकीचा गिलावा ठिकठिकाणी सुटलेला, दोन खांब खालून कुजलेले. अशा घरात धारची माणसं बसवायची कशी? पमी तेरा वर्षांची झाली होती. हे स्थळ गेलं असतं तर दुसरं असं येतंय कुठून? माझे सोन्याचे गोठ मोडून दोनशे साठ रुपये केले होते. त्यात सगळं बसवायचं होतं, आणि त्याच्यावर एक पैसा नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच यमुनेनंही आपल्या बाजूचं काम काढलं. कार्तिक सरता सरता मी बघते तर तिच्या ओसरीवर गणपतराव मिस्त्री बसलेले, म्हणजे आमच्या बाजूचे, थोरल्या पातीचे! दुसऱ्या दिवशी धाकट्या पातीतला एक ठेकेदार. तिसऱ्या दिवशी भेरूलाल गवंडी, पगडी सोडून तोंड पुसत, "राम राम भिया" करत आला. तिला कशाचाच विधिनिषेध नव्हता.

बायकांनी परक्या माणसाशी समोरून बोलायचं नाही, म्हणून ती अर्ध्या दाराआड उभी राहायची, डावा हात कमरेवर, आणि भाऊजी बाहेर बसून तिचं बोलणं पुढे ढकलायचे.

"अहो, विचारा त्यांना, चुना किती दिवस भिजवणार?"

"चुना किती दिवस भिजवणार?" भाऊजी.

"दस-बारा दिवस, साब."

"सांगा, महिना हवा. आणि चुन्याच्या घाणीत दळताना वाळू नदीची की नाल्याची?"

बिचारे भाऊजी, दफ्तरात चार माणसांवर हुकूम चालवणारे, आणि घरी नुसते पोपट! मी खिडकीतून बघायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. आमच्या ह्यांना मी असं काही विचारायला सांगितलं असतं तर त्यांनी पगडी उचलून बाहेरचा रस्ता धरला असता.

तिन्ही ठेकेदारांना तिनं एकच याद दिली होती, मोडीत लिहिलेली. खांब किती, कोणत्या लाकडाचे, कवेलू किती नवे आणि किती जुनेच उलटून घालायचे, गिलावा कुठे आणि किती जाड, बैठकीला फरशी किती हात. आणि प्रत्येक कामापुढे ज्यानं त्यानं आपला वेगळा भाव लिहून द्यायचा. एकदम मोठा आकडा सांगायचा नाही. हे मला कसं माहीत? मी विचारलं! गोड बोलून, ताक घेऊन गेले आणि विचारलं. तिनं सगळं सांगितलं. लपवायची अक्कलच तिला नव्हती, आणि तिचा तोच मोकळेपणा मला सगळ्यात जास्त टोचायचा.

गणपतरावांचे तीनशे नव्वद. धाकट्या पातीतल्या ठेकेदाराचे तीनशे दहा. भेरूलालचे तीनशे पंचेचाळीस. मी म्हटलं, "अगं, मग तीनशे दहावाल्याला दे की!"

"जाऊबाई, त्यानं लाकडाचा भाव लिहिलाय, पण लाकूड कसलं ते लिहिलं नाही. विचारलं तर म्हणतो, चांगलं. चांगलं म्हणजे काय हो? आणि गेल्या साली त्यानं तळ्याजवळ एक घर केलं, ते मी बघून आले. एका पावसात भिंत ओल धरतेय. भेरूलालनं चार वर्षांपूर्वी केलेलं घर बघितलं, त्यावर नख टेकवलं तर नख दुखतं."

म्हणजे ही बाई लोकांच्या घरी जाऊन भिंतींना नखं लावत फिरत होती! मी आळीभर सांगितलं. आळी हसली, आणि मग तिच्याकडे सल्ला मागायला गेली.

मग तिनं भेरूलालला खाली कसं आणलं, तेही ऐका. ओरडली नाही, "महाग सांगता" म्हणाली नाही. त्याच्या यादीत लाकडाचे साठ रुपये होते. ती म्हणाली, लाकूड मी आणते, तुम्ही फक्त बसवा. सतवासच्या जंगलाकडच्या एका ओळखीच्याकडून सागवानाचे खांब मागवले, गाडीभाड्यासकट बेचाळीसला पडले. राहिले दोनशे पंच्याऐंशी. मग म्हणाली, काम पौषात धरू. पौषात कुणी घराला हात लावत नाही, मुहूर्त नसतो, त्यामुळे गवंडी रिकामे बसलेले असतात. "नवं घर थोडंच बांधतेय मी? डागडुजीला कसला मुहूर्त? आणि थंडीत गिलावा सावकाश वाळतो, तडकत नाही." भेरूलालनं स्वतःहून वीस सोडले, कारण पौषात त्याच्या माणसांना घरी बसवून खायला घालावं लागायचं. झाले दोनशे पासष्ट. त्यावर तिनं सांगितलं, मजुरी दर आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, एक दिवस इकडे तिकडे नाही. पण पंचवीस रुपये पावसाळ्यात छप्पर तपासून मग. भेरूलाल म्हणाला, "बाईसाहेब, रोकडा वेळेवर मिळतोय तर मंजूर."

मग ती माझ्याकडे आली. म्हणाली, "जाऊबाई, तुमचंही त्यालाच द्या ना. दोन्ही बाजू एकदम काढल्या तर चुना एकदाच भिजेल, घाणी एकदाच लागेल. दोघींचं आणखी उतरेल."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हिला माझ्या घरावरसुद्धा आपला हात फिरवायचाय. उद्या माई आल्या की ही सांगणार, दोन्ही घरं मीच केली! मी म्हटलं, "पौषात? माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या घराला पौषात हात लावू? तुला कळतं का काही? आणि आमच्या ओसरीवर धाकट्या पातीचे पाय नकोत!"

भेरूलाल कुठल्याच पातीचा नव्हता, माळव्यातला साधा गवंडी. ती नुसती "बरं" म्हणाली आणि गेली. तिचं ते "बरं" दोन दिवस माझ्या डोक्यात घुमत होतं.

पौषात तिचं काम सुरू झालं. भिंतीपलीकडे ठोकाठोक, तिचं हसणं, तिचं "विचारा त्यांना" आणि भाऊजींचं पोपटासारखं बोलणं. मी इकडे बसून दात खात होते. संक्रांतीला तीळगूळ द्यायला गेले तर बैठकीची फरशी अशी सरळ, की मणी टाकला तर जागचा हलायचा नाही. मी तीळगूळ दिला आणि लगेच परतले. घरी येऊन पमीच्या पाठीत उगाच एक धपाटा घातला.

माघ उजाडल्याबरोबर मुहूर्त काढला. गणपतरावांना बोलावलं. दुसरं कुणी नाही. थोरल्या पातीचे म्हणजे आपले. आमचे हे ओसरीवर बसले, पान लावत. मी दाराआड. माझ्याकडे याद नव्हती, बीद नव्हती. मी सरळ म्हटलं, "सांगा त्यांना, भिंतीपलीकडचं घर एवढंच आहे. ते दोनशे पासष्टात झालं. आमचं दोनशे साठात करा."

गणपतराव हसले. "माँसाब, नहीं जमेगा. आता लगीनसराई तोंडावर. माणसं मिळत नाहीत."

"का नहीं जमेगा? तिचं झालं, माझं का नाही?"

दोनशे पासष्टात यमुनेचं लाकूड नव्हतंच, ते बेचाळीस वेगळे, हे मला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं. पण रागात माणसाला जेवढं हवं तेवढंच आठवतं. मला फक्त आकडा आठवत होता. आणि तिच्यापेक्षा पाच रुपये कमी. ते पाच रुपये मला माझ्या गोठांहून मोठे वाटत होते.

गणपतराव उठले, नाल्यापर्यंत गेले, परत आले. "बरं, तुमच्यासाठी करतो. लाकूड-चुना सगळं धरून. पण दोनशे आधी हातात हवेत." मी आत जाऊन दोनशे आणून दिले, तिथल्या तिथे. ह्यांनी एकदा मान वर करून बघितलं. त्या रात्री मला काय झोप लागली सांगू! यमुनेला भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मी ह्यांना तीनदा सांगितलं, दोनशे साठ, सगळं धरून.

फाल्गुन सरला, चैत्र लागला, काम संपलं. दिसायला काय सुंदर! भिंती पांढऱ्याशुभ्र. यमुना बघायला आली. चारी बाजूंनी फिरली, खांबापाशी थांबली, भिंतीवरून हात फिरवला आणि हाताकडे बघितलं. तळव्याला पीठ लागलं होतं.

"जाऊबाई, हा चुना किती दिवस भिजला होता?"

"तुझ्यापेक्षा स्वस्तात झालं म्हणून पोटात दुखतंय होय?" मी म्हटलं. असंच म्हटलं, शब्दाला शब्द. पमी तिथेच उभी होती. यमुनेचा चेहरा उतरला, आणि मला मेलीला त्याचाच आनंद झाला.

आठ दिवसांनी भिंतीला पहिला फोड आला. दुपारपर्यंत दहा झाले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बैठकीला देवी आल्यासारखं झालं. चुन्यात कच्चे खडे राहिले की भिंतीत बसल्यावर ओल घेऊन फुगतात आणि वरचा गिलावा फोडून बाहेर येतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की हात लावला की पोपडा खाली. एका खांबातून बारीक भुसा गळत होता. माई यायला अठरा दिवस राहिले होते. गणपतरावांकडे माणूस पाठवला, ते लग्नाच्या कामावर गावाबाहेर होते. खोटं, मला माहीत होतं.

हे ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. पमी रडायला लागली. ती कशाला रडतेय ते तिलाही धड कळत नव्हतं, पण आई रडतेय हे दिसत होतं. मी दार लावून घेतलं. यमुनेकडे जायचं म्हणजे? जिला आठ दिवसांपूर्वी तसं बोलले, तिच्या दारात? नको गं बाई! ठरवलं, जायचं नाही. मग पमीकडे बघितलं, आणि डोक्यावरचा पदर सावरून त्या बाजूच्या पायऱ्या चढले.

ती पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "चल." एवढंच म्हटलं. तिनं लाटणं ठेवलं, हात पुसला आणि चालू लागली. एक शब्द नाही की "मी म्हटलं नव्हतं?" नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

तिनं निरोप धाडला, "गणपतरावांना सांगा, तक्रार नाही, हिशेब करायचा आहे." संध्याकाळी ते आले. ओसरीवर हे आणि भाऊजी. दाराआड ती पुढे, मी मागे.

"विचारा त्यांना," ती म्हणाली, "दोनशे साठात त्यांना काय सुटत होतं?"

गणपतराव मग एकदम भडकले. "सुटत? पदरचे जात होते, बाईसाहेब! भाव ठरवला तुम्ही, माझं कुणी ऐकलं?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बरोबर आहे! "मग कुठे कुठे वाचवलंत ते सांगा. ओरडणार नाही कुणी."

आणि तो माणूस सांगायला लागला हो! चुना तीनच दिवस भिजवला. वाळू नाल्याची, माती धुतली नाही. आठ खांबांतले दोन गाभ्याचे नाहीत, सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाचे. कवेलूंतले शंभर कच्चे भाजलेले. तिनं एकेक ऐकून घेतलं. चुना-वाळू वाईट, पण दुरुस्त होईल. पांढऱ्या लाकडाचे खांब कोणते? एक बैठकीतला, एक मागच्या पडवीतला. बैठकीतला आत्ता बदलायचा, पडवीतला दिवाळीनंतर. कच्चे कवेलू स्वयंपाकघरावरून काढून गोठ्यावर घालायचे, गोठ्यावरचे जुने भाजलेले इकडे.

मग ती माझ्याकडे वळली. "जाऊबाई, माजघर आणि मागच्या खोलीला चुन्याचा गिलावा कशाला? तिथे माती-शेणाचं सारवणच बरं, आपल्या हातांनी होईल. तेवढं काम कमी करू. बैठक आणि ओसरी मात्र पूर्ण खरवडून नव्यानं. चुना माझ्या खड्ड्यातला घ्या, पौषापासून पाण्याखाली झाकून ठेवलाय."

तिला तिच्या पडवीला पुढच्या साली वापरायचा होता तो चुना. मला माहीत होतं.

गणपतरावांना तिनं सांगितलं, "बैठकीची दुसरी मजुरी तुमची, चूक तुमची होती. पण खांबाला खरे लागतील ते नऊ रुपये मिळतील. राहिलेले साठ बुडणार नाहीत. तीस बैठक झाल्यावर, वीस ओसरी झाल्यावर, दहा पावसाळ्यानंतर. कबूल?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही आधी का नाही बोललात?"

ह्याचं उत्तर मी द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. ते कामाला लागले, आणि खरं सांगते, ह्या खेपेला त्यांनी मन लावून केलं. यमुना रोज सकाळी येऊन बघून जायची. नऊ रुपये मी माझ्या नथीतला एक मोती काढून उभे केले. सतराव्या दिवशी बैठक तयार झाली. नख टेकवलं. नख दुखलं.

माई आल्या. उंच, सावळ्या, बोलायला कमी. पन्हं घेतलं, पमीला गीतेचे श्लोक म्हणायला लावले, आणि मग उठून भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं.

"चांगलं काम आहे," त्या म्हणाल्या. "कुणी करून घेतलं?"

यमुना ताटं घेऊन आत येत होती. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "आमच्या जाऊबाईंनी. त्यांच्याशिवाय ह्या घरात पान हलत नाही."

आणि मी "हो" म्हणाले.

साखरपुडा झाला. लग्न माघात ठरलं. माई निघताना म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या घराच्याही मागच्या सोप्याचं काम काढायचंय. मार्गशीर्षात धारला या, आमच्या ठेकेदाराशी तुम्हीच बोला." काय बोलणार? तिथेही "हो." यमुना शेजारी उभी, तिनं मान खाली घातली होती. हसत होती की काय, मला बघायचं धाडस झालं नाही.

मार्गशीर्षात धारला गेले. तिला बरोबर चल म्हणायला जीभ वळली नाही. म्हटलं असतं तर माईंना सगळं कळलं असतं. आणि लग्नाला दोन महिने राहिले असताना मुलीची आई खोटारडी निघाली, तर पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

माईंच्या दाराआड उभी राहिले. बाहेर त्यांचे दीर आणि ठेकेदार. ठेकेदार म्हणाला सहाशे. आणि मग काय झालं, देव जाणे, तोंड आपोआप चालू लागलं. "विचारा त्यांना, सहाशेत काय काय धरलंय, वेगळं वेगळं सांगा. लाकूड कसलं? गाभ्याचं का? चुना किती दिवस? तुम्ही केलेलं चार वर्षांपूर्वीचं एखादं घर दाखवा, मग बोलू. लाकूड आम्ही आणलं तर किती सोडाल? आणि पौषात केलं तर?" मी पौषात म्हटलं! मीच! अजून दोन ठेकेदार बोलावले, एकच याद तिघांना दिली. आठ वर्षं खिडकीतून डोळे वटारून तिला बघत बसले होते, त्यातलं एक अक्षर वाया गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाचशे दहावर ठरलं, लाकूड धरून, गाभ्याचं, आणि मजुरी दर आठवड्याला. ठेकेदारही खूश. असं दोघंही खूश होऊन सौदा संपतो हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

माई माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्यासारखी बाई माझ्या पाहण्यात नाही. लेक तुमच्याच वळणाची निघाली की झालं."

तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "माई, मला ह्यातलं काही येत नव्हतं. बैठक मी केली नाही. मी तर ती बिघडवली होती. हे सगळं माझ्या धाकट्या जावेचं आहे, मी फक्त तिच्यासारखं बोलले. आता लग्न मोडायचं असेल तर मोडा."

माई हसल्या. मग म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. यमी आमच्या आळीतली. वडिलांना वेळ नसला की इथे ओसरीवर येऊन बसायची. तुम्ही दाराआड उभ्या होतात ना, डावा हात कमरेवर, अगदी तिच्यासारख्या. मुलगी तर तिच्यावरूनच पसंत केली मी. पत्र तिचंच आलं होतं, आमच्या जाऊबाईंची लेक बघा, आणि तिथे माझी ओळख दाखवू नका म्हणून."

मी कमरेवरचा डावा हात खाली घेतला. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. चार दिवसांचा रस्ता बैलगाडीत हाडं खिळखिळी करत आले, जिच्यापासून पळत आले, ती मेली तिथेही माझ्या आधी येऊन बसली होती.